कामात पहिला, पण सहकाऱ्यांना नकोसा: अशा माणसाला फीडबॅकचं टिपण कसं लिहावं

अंबडच्या एमआयडीसीत उत्पादन विभाग सांभाळत असताना असं टिपण मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यात चार परिच्छेद होते. तीन कौतुकाचे आणि चौथा ‘तथापि’ने सुरू होणारा. ज्याला दिलं त्याने ते वाचलं, ‘थँक यू सर’ म्हणाला आणि त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. त्याला ते प्रशस्तिपत्र वाटलं होतं. पुढच्या खेपेला मी उलटं टोक गाठलं. इंग्रजीत लिहिलं, एचआरला सीसी केलं, ‘वर्तणूक’ हा शब्द तीनदा वापरला. त्या माणसाने पंधरा दिवसांत राजीनामा ठेवला.

नंतर सातपूर, सिन्नरकडच्या बऱ्याच ओळखीच्या मॅनेजरांनी आपापली टिपणं मला दाखवली आणि लक्षात आलं की सगळे याच दोन खड्ड्यांपैकी एकात पडतात. म्हणून क्रम सांगतो. उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू.

मशीन शॉपमधला एक सीनियर इंजिनिअर आहे, त्याला सुहास म्हणू. त्याच्या सेलमध्ये, म्हणजे त्याच्याकडच्या मशीनच्या गटात, सहा सीएनसी आणि दोन व्हीएमसी मशीन. आठ महिन्यांत त्याने जॉब बदलतानाचा सेटअप ९५ मिनिटांवरून ५० मिनिटांवर आणला. कस्टमरचे लोक ऑडिटला आले की सुहासलाच शोधतात. आणि त्याच्या सेलमध्ये जायला कुणी तयार नाही. क्वालिटीचा इन्स्पेक्टर त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, दुसऱ्या शिफ्टचा सेटर बदली मागतोय, एक अप्रेंटिस रडत बाहेर आला होता.

## १. आधी ठरवा: हे टिपणाचं प्रकरण आहे का?

फीडबॅकचं टिपण म्हणजे मेमो नव्हे, वॉर्निंग लेटर नव्हे आणि चौकशीही नव्हे. चांगलं काम करणाऱ्या माणसाला ‘तुझ्या या दोन सवयी बदलायच्या आहेत’ हे लेखी आणि स्पष्ट सांगणं, एवढंच त्याचं काम.

म्हणून तक्रारी ऐकताना एक चाळणी लावा. अंगावर हात टाकणं, धमकी, जातीवरून बोलणं यातलं काही असेल तर पेन खाली ठेवा आणि एचआरकडे जा. ते शिस्तभंगाच्या वाटेने जाईल. महिला सहकाऱ्याशी लैंगिक स्वरूपाचं वर्तन असेल तर ते २०१३ च्या कायद्यानुसार कंपनीच्या अंतर्गत समितीपुढे जायला हवं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असावी लागते. ‘कामाचा माणूस आहे, मी समजावतो’ असं म्हणून अशी तक्रार टिपणात गुंडाळणं ही तुमची चूक ठरेल आणि ती महाग पडेल.

सुहासच्या बाबतीत असं काही नव्हतं. टोचून बोलणं, चारचौघांत पाणउतारा करणं, माहिती स्वतःपाशी ठेवणं, एवढंच होतं. हा टिपणाचा विषय.

## २. दहा-बारा दिवस नुसतं पाहा आणि लिहून ठेवा

बहुतेक जण इथेच घाई करतात. संध्याकाळी कुणीतरी येऊन तावातावाने सांगतं आणि रात्री टिपण लिहून तयार. अशा टिपणात ‘उद्धट’, ‘अहंकारी’, ‘टीम प्लेयर नाही’ हे शब्द हमखास येतात. त्यातला एकही शब्द माणसाला उद्यापासून काय बदलायचं ते सांगत नाही. ‘उद्धटपणा सोड’ म्हटल्यावर तो नेमकं काय सोडणार?

एक साधी वही घ्या. प्रत्येक प्रसंगासाठी तीन ओळी: कधी आणि कुठे, तो नेमकं काय बोलला किंवा त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत हीच रीत प्रसंग, वर्तन आणि परिणाम या नावांनी शिकवतात. अवघड भाग तिसरा. ‘सगळ्यांना वाईट वाटलं’ हा परिणाम खराच असतो, पण तो एकटा पुरत नाही, कारण सुहाससारखा माणूस त्यावर ‘इथे काम करायला आलोय, लाड करायला नाही’ असं म्हणून मोकळा होतो.

सुहास मिनिटांच्या आणि नगांच्या भाषेत विचार करतो. परिणामही त्याच भाषेत शोधा. माझ्या वहीतली एक नोंद साधारण अशी होती:

मंगळवार, सकाळची साडेआठची मीटिंग, अकरा जण हजर. इन्स्पेक्टर म्हणाला, तीन नंबर मशीनवर बोअर, म्हणजे जॉबमधल्या भोकाचं माप, खालच्या मर्यादेकडे सरकतोय. सुहास म्हणाला, ‘आधी गेज धरायला शीक, मग मला सांग.’ दोघं-तिघं हसले. गुरुवारी पाच नंबरवर तसंच झालं. टूलचं कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजला की बोअर लहान येत जातो, हे इन्स्पेक्टरला कळत होतं आणि पहिल्याच तासात दिसलंही होतं. पण तो सुहासकडे गेला नाही. चहानंतर त्याने फोरमनला चिठ्ठी दिली. तोवर ३८ जॉब रीवर्कला गेले होते.

ही नोंद वाचून सुहासला ‘मी काय वाईट बोललो’ म्हणता येत नाही, कारण ३८ जॉब त्याच्याच सेलचे आहेत.

दुसरी नोंद शिफ्ट बदलतानाची. सुहासने पहिल्या शिफ्टच्या शेवटी ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, बदलला आणि हँडओव्हर रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही. रात्री सेटरने फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं, ‘समजत नसेल तर मशीन बंद ठेवा.’ मशीन ७० मिनिटं बंद राहिलं. एका सेटअपमागे सुहास ४५ मिनिटं वाचवतो. म्हणजे त्या एका रात्रीने त्याचे दीड सेटअप खाल्ले. हा हिशोब कागदावर मांडेपर्यंत माझ्याही डोक्यात आला नव्हता.

तपासून पाहा: वहीत किमान तीन प्रसंग हवेत आणि त्यातले दोन तरी तुम्ही स्वतः पाहिलेले किंवा रजिस्टरमध्ये दिसणारे हवेत. सगळंच ऐकीव असेल तर आणखी आठवडाभर थांबा. सकाळच्या मीटिंगला जाऊन बसा, शिफ्ट बदलताना शॉपवर उभे राहा.

सावधान: सहकाऱ्यांना केबिनमध्ये बोलावून ‘सुहासबद्दल काय म्हणणं आहे?’ असं विचारत फिरू नका. दुपारपर्यंत कँटीनला कळतं आणि टिपण देण्याआधीच त्याच्याविरुद्ध पार्टी तयार होते. कामाचा प्रश्न विचारा: ‘काल रात्री पाच नंबर का बंद होतं?’ उत्तरात जे यायचं ते येतंच.

## ३. नावं कुणाची उघडी पडतील?

टिपणात कुणाचं नाव लिहायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रसंगच नाव सांगतो, याकडे दुर्लक्ष होतं. ‘रात्रीच्या फोनवर तू असं बोललास’ असं लिहिलं की फोन कुणी केला होता हे सुहासला ठाऊकच आहे. अकरा जणांसमोरचा प्रसंग सुरक्षित, दोघांमधला प्रसंग धोक्याचा.

दोघांमधलाच प्रसंग वापरायचा असेल तर त्या माणसाला आधी विचारा. सेटर ‘लिहा साहेब’ म्हणाला तर लिहा. तो कचरला तर फोन सोडून द्या आणि फक्त रजिस्टरचं रिकामं पान धरा. रिकाम्या पानाची तक्रार कुणीच केलेली नसते, ते तुम्हीच पाहिलेलं असतं. सुहासच्या टिपणात मी तेच केलं. फोनवरचं वाक्य जास्त झोंबणारं होतं, ते वापरायचा मोह झालाच होता.

आणि ‘लोक म्हणतात’, ‘माझ्या कानावर आलंय’ हे शब्द कुठेही नकोत. ते वाचल्या क्षणी माणूस स्वतःच्या वागण्याचा विचार सोडून कोण बोललं असेल त्याचा शोध घ्यायला लागतो.

## ४. आपला वाटा आधी मांडा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं पोकळ होतं. अशा माणसाला आपणच घडवलेलं असतं. ब्रेकडाउन झालं की रात्री अकराला सुहासला फोन करणारा मीच. इतरांनी त्याला विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही, हा नियम माझाच. आणि गेजवालं वाक्य तो बोलला तेव्हा हसलेल्यांमध्ये मी नसलो, तरी गप्प राहिलेल्यांमध्ये होतोच.

हे एक-दोन वाक्यांत टिपणात यायला हवं, माफीनामा न होता. आणि त्याबरोबर तुमच्या बाजूने काय बदलणार तेही. नाहीतर तो विचारेल, आणि बरोबरच विचारेल: ‘आठ महिने चाललं होतं तेव्हा सर कुठे होते?’

## ५. दोनच सवयी निवडा

तुमच्या वहीत आता सात-आठ गोष्टी असतील. कँटीनमध्ये वेगळं बसतो, गुड मॉर्निंगला उत्तर देत नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर खराब जॉबचे फोटो टाकून प्रश्नचिन्हं लावतो, अप्रेंटिसला नावाने हाक मारत नाही. सगळं लिहिलं की ते आरोपपत्र होतं.

निवडताना दोन प्रश्न विचारा. यामुळे दुसऱ्याचं काम अडतं का? आणि बदल झाला की नाही हे मला डोळ्यांनी दिसेल का? वेगळं बसणं पहिल्याच प्रश्नाला बाद. कुणी कुणाबरोबर डबा खावा हा तुमचा विषय नाही. सुहाससाठी उरलं ते असं: मीटिंगमध्ये माणसावर बोलणं, आणि हँडओव्हर रजिस्टर न लिहिणं. व्हॉट्सअॅपचे फोटो मी मागे ठेवले, कारण पहिली सवय सुटली की तेही कमी होतील असं वाटलं. (झाले नाहीत. तो विषय वेगळा काढावा लागला.)

## ६. मसुदा: भाषेच्या चार अडचणी

मसुद्याला बसण्याआधी मराठीच्या काही खोड्या ध्यानात घ्या. चांगल्या हेतूने लिहिलेली टिपणं इथेच बिघडतात.

पहिली, ‘तू’ की ‘तुम्ही’. रोज ‘सुहास, तू’ म्हणत असाल तर टिपणातही ‘तू’च ठेवा. आठ वर्षं ‘तू’ म्हणणारा साहेब कागदावर अचानक ‘आपणास कळविण्यात येते की’ म्हणायला लागला की समोरचा वकील शोधायला लागतो. माणूस वयाने मोठा असेल आणि तुम्ही ‘तुम्ही’ म्हणत असाल तर तसंच लिहा. तीच गोष्ट इंग्रजीची. शॉपवर सगळं मराठीत चालत असेल तर फक्त दोष दाखवतानाच इंग्रजी काढू नका.

दुसरी, ‘आपण’. ‘आपण सहकाऱ्यांचं ऐकून घ्यायला हवं’ या वाक्यातला ‘आपण’ म्हणजे सुहास, की आपण सगळे? लिहिणाऱ्याला अवघड वाटतं म्हणून तो ‘आपण’च्या आड उभा राहतो आणि वाचणाऱ्याला ते भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. जिथे बदल सुहासने करायचा आहे तिथे ‘तू’.

तिसरी, कर्ता गायब करणं. ‘मीटिंगमध्ये टोचून बोललं जातं’, ‘असे प्रकार टाळावेत’. कोण बोलतं? कोणी टाळावेत? सरळ लिहा: ‘तू म्हणालास’.

चौथी आणि सगळ्यात मोठी म्हणजे ‘पण’. ‘तुझं काम उत्तम आहे, पण…’ यातला ‘पण’ दोन्ही बाजू मारतो. कौतुक खोटं वाटतं आणि तक्रार सौम्य. निकाल आणि बदल वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा आणि त्यांना जोडायचंच नाही. सेटअप ५० मिनिटांवर आला हे पूर्णविरामासकट खरं आहे. रजिस्टर रिकामं आहे हेही पूर्णविरामासकट खरं आहे. एकाने दुसरं फिटत नाही, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. ‘तथापि’, ‘मात्र’, ‘असे असले तरी’ ही ‘पण’चीच भावंडं.

## ७. टिपणाचा क्रम आणि पूर्ण नमुना

आधी, कशासाठी लिहितोय हे एका वाक्यात. मग निकाल, आकड्यासह, थोडक्यात. मग पहिली सवय, मग दुसरी, प्रत्येकीखाली प्रसंग, परिणाम आणि यापुढे काय हवं. मग तुमचा वाटा. शेवटी पुन्हा कधी बसायचं ती तारीख. सगळं मिळून एक पान, त्याहून जास्त नको.

विषय पहिल्याच ओळीत आणा. माझ्या त्या प्रशस्तिपत्रात तो चौथ्या परिच्छेदात होता.

> सुहास,
>
> तुझ्या दोन सवयींमुळे सेलचं काम अडतंय आणि त्या बदलायला हव्यात, म्हणून हे लिहितोय. आधी आपण यावर बोललो आहोत. विसरायला होऊ नये म्हणून कागदावर. हा मेमो नाही, तुझ्या फाइलला लागणार नाही.
>
> सेटअप ९५ मिनिटांवरून ५० वर आला तो तुझ्यामुळे. फिक्श्चर आधी भरून ठेवायची आणि टूल बाहेरच प्रीसेट करायची पद्धत तू बसवलीस. बाकीच्या सेलमध्येही तीच न्यायची आहे.
>
> पहिली गोष्ट, मीटिंगमधलं बोलणं. मंगळवारी बोअर सरकतोय असं सांगितल्यावर तू अकरा जणांसमोर म्हणालास, ‘आधी गेज धरायला शीक.’ तो बोअर खरोखर सरकत होता. गुरुवारी पाच नंबरवर तेच झालं, तेव्हा तुला कुणी सांगायला आलं नाही. ३८ जॉब रीवर्कला गेले. शिवाय कुणाचाही असा अपमान मला माझ्या मीटिंगमध्ये चालणार नाही, जॉब वाचले असते तरीही. यापुढे मीटिंगमध्ये कुणी रीडिंग सांगितलं की आधी रीडिंग तपासायचं. माणसाच्या कुवतीबद्दल काही म्हणायचं असेल तर ते मीटिंगनंतर, मला येऊन सांगायचं.
>
> दुसरी गोष्ट, हँडओव्हर रजिस्टर. गेल्या दहा दिवसांत तू ऑफसेट किंवा प्रोग्रॅम बदललास असे सहा दिवस आहेत. रजिस्टरमध्ये नोंद एका दिवसाची. त्यातल्या एका रात्री पाच नंबर ७० मिनिटं बंद राहिलं, म्हणजे तुझ्या दीड सेटअपची बचत गेली. यापुढे जो बदल करशील तो शिफ्ट सोडण्याआधी लिहायचा: मशीन, काय बदललं, किती, का.
>
> यात माझाही वाटा आहे. मंगळवारी मी तिथेच होतो आणि बोललो नाही. यापुढे बोलेन. रात्री प्रत्येक वेळी तुलाच फोन करायची सवय मी लावली, तीही बंद करतोय. रात्रीचा पहिला फोन यापुढे शिफ्टच्या सेटरला जाईल.
>
> यात काही चुकीचं वाटत असेल तर मला सांग. दोन आठवड्यांनी, त्याच वारी साडेचारला, रजिस्टर घेऊन बसू.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘जॉब वाचले असते तरीही’ हे वाक्य मुद्दाम घातलंय. नुकसानीचा हिशोब त्याला पटवायला लागतो, हे खरं. पण तेवढ्यावर थांबलात तर अर्थ असा निघतो की नुकसान होत नसेल तर अपमान केला तरी चालेल. आणि ‘फाइलला लागणार नाही’ हे तेव्हाच लिहा, जेव्हा ते खरं असेल. उद्या तोच कागद अप्रेझलमध्ये काढलात तर पुन्हा तुमच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तपासून पाहा: लिहिलेलं मोठ्याने वाचा. सुहास समोर बसलाय असं समजून एखादं वाक्य तोंडातून निघत नसेल, तर ते कागदावरही नको. मग प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. माणसाला लागलेलं विशेषण काढा. कामाला लागलेलं राहू द्या.

सावधान: टिपणात इतर कुणाशी तुलना नको. ‘दुसऱ्या सेलचा इंजिनिअर बघ कसा वागतो’ एवढं एक वाक्य दोन माणसांमध्ये कायमची फट पाडतं.

## ८. देणं: आधी बोला, मग कागद

ईमेल करू नका, व्हॉट्सअॅप तर नकोच. साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळीही देऊ नका. तो दीड दिवस एकटाच ते वाचत बसेल आणि सुटीनंतर उत्तराचं वकीलपत्र घेऊन येईल. आठवड्याच्या मधला दिवस, शिफ्ट संपायच्या तासभर आधी, दार बंद, फोन बाजूला.

आमच्या नाशकात आणखी एक खास चूक होते. रविवारी सकाळी मिसळ खायला न्यायचं आणि तर्री वाढून घेता घेता ‘अरे, जरा मुलांशी नीट बोलत जा’ असं सांगून टाकायचं. साहेबाला वाटतं सांगितलं, सुहासला वाटतं साहेबांनी मिसळ खिलवली. सोमवारी काहीच बदललेलं नसतं.

समोरासमोर बसलात की विषय टिपणातल्याच पहिल्या वाक्याने काढा. दोन्ही प्रसंग तोंडी सांगा आणि प्रत्येकानंतर थांबा. त्याला बोलू द्या. इथे कधीकधी खरी नवी माहिती निघते. सुहास म्हणाला, रजिस्टर फोरमनच्या कपाटात असतं आणि तीननंतर कपाटाला कुलूप असतं. ते खरं निघालं. सहापैकी दोन दिवस त्याला रजिस्टर मिळालंच नव्हतं. मी टिपणात तिथेच पेनाने दुरुस्ती केली, ‘त्यातले दोन दिवस रजिस्टर कुलपात होतं’, आणि रजिस्टर मशीनजवळच्या स्टँडवर आणायचं काम माझ्या नावावर लिहिलं. छापील कागदावरच्या त्या पेनाच्या ओळीचा त्याच्यावर बाकी मजकुरापेक्षा जास्त परिणाम झाला असावा. म्हणून टिपण आधी लॅमिनेट केल्यासारखं पक्कं करून नेऊ नका, दुरुस्तीला जागा ठेवा.

बोलणं संपल्यावर कागद द्या. सही मागू नका. सही मागितली की तो मेमो झाला. एक प्रत तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. एचआरला तोंडी कल्पना द्या, सीसी नको.

## ९. पलीकडून काय येतं

‘मग त्यांनाच करू दे सेटिंग.’ हे जवळजवळ ठरलेलं उत्तर. घाबरून माघार घेऊ नका आणि ‘तू काय एकटाच आहेस का’ असंही म्हणू नका. दोन्हींचा अर्थ एकच होतो, की चर्चा आता त्याच्या किमतीवर आली. ‘सेटिंग तूच कर. लिहून ठेव, एवढंच मागतोय’ असं म्हणून विषय पुन्हा त्या दोन सवयींवर आणा.

‘कोण बोललं ते सांगा.’ उत्तर: ‘मीटिंगमध्ये मी होतो आणि रजिस्टर मी पाहिलंय.’ तिसऱ्या पायरीवर प्रसंग नीट निवडले असतील तर हे खरं असतं आणि पुढे काही बोलावं लागत नाही.

राजीनाम्याची भाषा निघाली तर त्याच बैठकीत पगार, बढती, इन्क्रिमेंट यांचं नावही काढू नका. काढलंत तर पुढच्या प्रत्येक टिपणाचा दर ठरून गेला. ‘तू जावंस असं मला वाटत नाही. टिपणातला एकही शब्द त्यासाठी बदलणार नाही’ एवढं पुरे. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या सेटरला त्या सेलचे सेटअप शिकवायला सुरुवात करा. राग म्हणून नव्हे. एका माणसावर आठ मशीन टांगलेली असणं ही तुमची आधीपासूनची चूक आहे.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे ‘ओके सर’. अशा वेळी विचारा, ‘उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये रीडिंग पटलं नाही तर काय म्हणशील?’ त्याला ते वाक्य तिथेच बोलू द्या. सुहास थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘दाखव, बघू.’ चांगलं वाक्य आहे. तेच ठरलं.

## १०. नंतरचे सहा आठवडे

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला तुम्ही हजर राहायलाच हवं. सुहास घसरला तर ‘सुहास, रीडिंग बघू आधी’ एवढंच म्हणा, सगळ्यांसमोर पण साध्या आवाजात. टिपणाचा उल्लेख कधीही चारचौघांत नको.

टीमला काही सांगायचं नाही. तक्रार करणारा ‘बोललात का साहेब?’ असं विचारेल. ‘माझं काम मी करतोय, पुन्हा काही झालं तर त्याच दिवशी सांग’ यापुढे जाऊ नका. उलट टीमकडूनही एक अपेक्षा ठेवा. इन्स्पेक्टरला मी सांगितलं की बोअर सरकला की चिठ्ठी नको, सरळ सुहासकडे जायचं, मी मागे आहे. तो गेलाच नाही तर सुहास बदलला की नाही हे कळणार कसं?

दोन आठवड्यांच्या बैठकीत फक्त दोन गोष्टी पाहा: रजिस्टरच्या नोंदी मोजा आणि मीटिंगमधले प्रसंग आठवा. सुधारणा झाली असेल तर ती आकड्यात सांगा, ‘नऊ बदल, आठ नोंदी’. रजिस्टर लवकर सुधारतं, जीभ उशिरा. सहाव्या आठवड्यापर्यंत जिभेला वेळ द्या, पण प्रत्येक घसरणीची नोंद वहीत ठेवत राहा.

सहा आठवड्यांनीही मीटिंगमध्ये तेच चालू असेल तर दुसरं टिपण लिहायचं नाही. त्याच मजकुराचा दुसरा कागद म्हणजे पहिला कागद फुकट होता अशी कबुली. तेव्हा निर्णय वेगळा लागतो: त्याच्याकडून माणसं काढून घ्यायची आणि त्याला नव्या जॉबच्या प्रोसेस डेव्हलपमेंटला लावायचं, किंवा एचआरला बरोबर घेऊन औपचारिक वाट धरायची. पहिला पर्याय बढतीसारखा दिसू देऊ नका. टीम ते बारकाईने पाहत असते.

सुहासच्या सहाव्या आठवड्यात रजिस्टर पूर्ण भरलेलं होतं. मीटिंगमध्ये तो दोनदा घसरला आणि त्यातल्या एकदा मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, ‘बरं, दाखव, बघू.’ दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने बदलीचा अर्ज मात्र मागे घेतला नाही. त्याची बदली मी केली.